अर्धा मेंदू पहाऱ्यावर

घटस्फोटानंतर वन आरके भाड्याने घेऊन पहिल्यांदाच एकटीने झोपणारी बाई रात्री अडीचला दचकून उठते आणि स्वतःलाच भित्री म्हणते. तिच्यावर हा अन्याय आहे. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदू पुरता झोपतच नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये हे मोजून दाखवलं. गाढ झोपेतही मेंदूची डावी बाजू उजवीपेक्षा सावध होती आणि वेगळा आवाज कानी पडला की तीच अधिक जोराने प्रतिसाद देत होती. काही दिवसांनी त्याच माणसांना पुन्हा तिथेच झोपवलं, तेव्हा हा फरक उरला नव्हता.

म्हणून आवाजांची ओळख दिवसाउजेडी करून घ्यावी. फ्रिज मध्येच घरघरतो, लिफ्टचं दार आपटतं, पहाटे पाण्याची मोटर सुरू होते. कुठला आवाज कशाचा हे एकदा कळलं की रात्री त्याने जाग आली तरी काळजात धस्स होत नाही.

कडीचं मात्र उलटं आहे. ती लावली की नाही, हे बघायला चारदा उठलं तर खात्री वाढायला हवी, पण ती कमी होते. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासली की तिची आठवण धूसर होते, हे प्रयोगांतून दिसलं आहे. झोपण्याआधी एकदाच, कडीवर हात ठेवून, ‘लावली’ असं मोठ्याने म्हणावं आणि पुन्हा उठू नये.

एकटेपणाचा त्रास याहून चिवट. एकाकी वाटणारी माणसं इतरांपेक्षा कमी तास झोपतात असं नाही, पण त्यांची झोप तुकड्यातुकड्यांची असते. इतकी वर्षं शेजारी कुणीतरी होतं, खुट्ट झालं तर ऐकणारे दोघं होते. आता तो पहारा एकटीवर आला आहे. अशा वेळी अंथरुणात पडून जुने फोटो बघत बसलं, तर अंथरूण हीच रडण्याची जागा होऊन बसते. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडलेला उपाय आजही वापरतात: साधारण पाव तासात झोप लागली नाही, तर उठून मंद उजेडात खुर्चीवर बसायचं आणि डोळे मिटू लागले की मगच परत यायचं. त्या पाव तासासाठी घड्याळ बघू नये, अंदाज पुरतो. आईशी, मैत्रिणीशी बोलायचं तेही त्या खुर्चीवरच. दुपारची झोप टाळावी, नाहीतर रात्री झोपेची ओढच उरत नाही.

हे सगळं जमायला काही आठवडे लागतात. आठवड्यातून तीन रात्री, असं तीन महिने चाललं, तर तो निद्रानाशाचा आजार समजून डॉक्टरांना भेटावं. मन फारच खचलं तर त्याआधीच १४४१६ या ‘टेलि-मानस’च्या क्रमांकावर बोलावं. आणि भीती आवाजांची नसून माजी नवरा दारात येईल अशी असेल, तर झोपेचे उपाय करत बसू नये. कुलूप बदलावं, शेजाऱ्यांना सांगून ठेवावं आणि तो आलाच तर ११२ लावावा.