एका पोत्याचा माग

कंपनीचं कँटीन, हॉस्पिटलचं स्वयंपाकघर किंवा हॉटेलांची साखळी यांना तुमचा मसाला आवडला, भावही पटला, तरी लगेच ऑर्डर हातात पडत नाही. आधी त्यांचा ऑडिटर कारखाना बघायला येतो. ही तारीख कळली की छोटा उद्योजक भिंतींना रंग काढतो, कामगारांना नव्या टोप्या आणतो, हात धुण्याच्या पाट्या लावतो. हे सगळं हवंच. एफएसएसएआयच्या 2011 च्या परवाना नियमावलीतलं परिशिष्ट 4 स्वच्छतेच्या याच गोष्टी सांगतं आणि ऑडिटर त्या तपासतोच. पण ऑर्डर बहुधा दुसरीकडेच अडते. ऑडिटर गोदामातलं एक पाकीट उचलतो, त्यावरचा बॅच नंबर टिपून घेतो आणि म्हणतो, "यातली मिरची कुठून आली आणि या बॅचचा बाकी माल कुठे गेला, ते कागदावर दाखवा."

हा प्रश्न उगाच आलेला नाही. 2005 च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये एका वूस्टर सॉसमध्ये सुदान-1 हा खाण्यात बंदी असलेला लाल रंग सापडला. तो सॉसमध्ये पडलेल्या मिरची पावडरीतून आला होता आणि ती पावडर भारतातून गेलेली होती. पुढे तो सॉस ज्या ज्या पदार्थांत वापरला होता, असे शेकडो पदार्थ दुकानांतून परत बोलवावे लागले. म्हणून मोठा खरेदीदार तुमची मिरची चांगली आहे का, एवढं विचारून थांबत नाही. उद्या एखादं पोतं वाईट निघालंच, तर नेमका किती माल परत बोलवायचा हे तुम्हाला सांगता येईल का, हे त्याला आधी जाणून घ्यायचं असतं.

सांगली-कोल्हापूरकडचा एक छोटा मिरची पावडरचा कारखाना डोळ्यांसमोर आणू. बॅच 117. रंगासाठी 300 किलो ब्याडगी, तिखटपणासाठी 200 किलो गुंटूर, म्हणजे एकूण 500 किलो मिरची. निवडणाऱ्या बायकांनी देठ, काडीकचरा आणि काळी पडलेली मिरची काढली, ती भरली 34 किलो. वाळवणीत 16 किलो वजन उतरलं. पल्व्हरायझरमध्ये गेली 450 किलो आणि बाहेर आली 443 किलो. दळताना मिरची तापते, ओल उडते, थोडी धूळ हवेत जाते, त्यात सात किलो गेले. या 443 किलोंची 5 किलोंची 87 पाकिटं झाली, म्हणजे 435 किलो. एक किलो प्रयोगशाळेसाठी आणि राखून ठेवायच्या नमुन्यासाठी गेला, चाळणीवर 5 किलो भरड राहिली आणि जमिनीवर सांडलेली 2 किलो टाकून दिली. जमा आणि खर्च जुळले.

हा हिशेब ऐकताना सोपा वाटतो, पण बहुतेक कारखान्यांत तो तीन ठिकाणी तुटतो.

पहिली जागा गोदामाचं दार. दोन आडत्यांकडचा माल एकाच दिवशी येतो आणि एकाच ढिगात ओतला जातो. बिलं दोन असतात, पण कुठलं पोतं कुणाचं हे तिथून पुढे कुणालाच सांगता येत नाही. उपाय खडू आणि चिठ्ठीचा आहे. काट्यावर वजन होताच प्रत्येक पोत्याला लॉट नंबराची चिठ्ठी बांधायची, लॉट वेगवेगळ्या पॅलेटवर ठेवायचे आणि पोतं ओतताना चिठ्ठी काढून बॅचच्या कागदाला टाचायची. ऑडिटरसमोर ही टाचलेली चिठ्ठी शंभर सह्यांपेक्षा जास्त बोलते.

दुसरी जागा ती पाच किलो भरड. ती बहुतेक वेळा पुढच्या बॅचमध्ये टाकून पुन्हा दळतात आणि कुठेच लिहीत नाहीत. 117 नंबरात उद्या काही सापडलं, तर 118 सुद्धा परत बोलवावी लागेल, आणि कारखान्याला हे ठाऊकच नसेल. भरड त्याच बॅचमध्ये फिरवून संपवावी हे सर्वांत बरं. ते जमत नसेल तर ती कुठल्या बॅचमध्ये गेली आणि किती गेली, हे दोन्ही कागदांवर लिहायलाच हवं.

तिसरी जागा विक्रीची. 87 पैकी 40 पाकिटं एका केटररला, 25 दुसऱ्याला, 15 दुकानदाराला, तर गोदामात 7 उरायला हवीत. मोजली तर 6 भरतात. सातवं पाकीट मालकाने नमुना म्हणून कुणा हॉटेलवाल्याला दिलेलं असतं. अनेकदा बिलावर बॅच नंबरच नसतो, नुसतं 'मिरची पावडर 5 किलो' असतं, मग माग तिथेच संपतो. बिलावर किंवा चलनावर बॅच नंबर आणि फुकट दिलेल्या नमुन्यांची वेगळी वही, एवढ्याने हे भोक बुजतं.

कागदांइतकंच ऑडिटर लोहचुंबकाकडे बघतो. पल्व्हरायझरचे हातोडे झिजतात आणि त्यांचा लोखंडी कीस पावडरीत येतो, म्हणून पावडर पडते त्या वाटेवर चुंबकाच्या दांड्या बसवतात. अनुभवी ऑडिटर चुंबकाची वही उघडतो आणि रोज 'ओके, काही नाही' दिसलं की तिथेच थांबतो. यंत्र चालतंय आणि कीस कधीच मिळत नाही, हे शक्य नाही. माझ्या मते प्रत्येक बॅचनंतर दांडी पुसून निघालेला कीस पारदर्शक चिकटपट्टीने वहीच्या पानावर चिकटवणं हा सर्वांत चांगला पुरावा. एखाद्या दिवशी कीस वाढला तर हातोडा बघायची वेळ झाली, हेही त्यातूनच कळतं. चाळणीच्या जाळीचंही तसंच. ती बॅचच्या आधी आणि नंतर उजेडात धरून बघायची. नंतर फाटकी दिसली, तर मधली सगळी बॅच बाजूला ठेवायची. चुंबकाला मर्यादा आहे: स्टेनलेस स्टीलची जाळीची तार तो सहसा पकडत नाही. त्यामुळे काही खरेदीदार मेटल डिटेक्टरचाच आग्रह धरतात, आणि तिथे वह्या कितीही चोख असल्या तरी भागत नाही. हे ऑडिटची तारीख घेण्यापूर्वीच विचारून घ्यावं.

ऑडिटच्या महिनाभर आधी तालीम करावी. दोन-तीन महिन्यांपूर्वीची एक बॅच ज्याला हिशेबाशी देणंघेणं नाही अशा कुणाला तरी निवडायला सांगावी आणि घड्याळ लावावं. बीआरसी या आंतरराष्ट्रीय मानकात असा माग पूर्ण काढायला चार तासांची मर्यादा आहे. पहिल्या तालमीत कागद सापडत नाहीत, वजनं जुळत नाहीत. तेव्हा आकडे जुळवून घ्यायचा मोह होतो, तो टाळावा. एकाच पेनाने एका दिवसात भरलेली तीन महिन्यांची वही ऑडिटरला लगेच कळते. रविवारी कारखाना बंद असताना त्या दिवशी भरलेली नोंद तर हमखास सापडते. आणि एक नोंद खोटी निघाली की बाकीच्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास जातो. जुना फरक तसाच ठेवून त्याचं कारण आणि त्यानंतर काय बदललं हे लिहिलेलं पान दाखवलेलं बरं.

छोट्या कारखान्यात एक-दोन त्रुटी निघतातच. त्या शेवटच्या बैठकीत लिहून मिळतात आणि उत्तराला मुदत असते. 'कामगाराला समज दिली' हे उत्तर पुरत नाही. बिलावर बॅच नंबर नव्हता, तर यापुढे लिहू एवढं सांगून भागत नाही. बिल करणाऱ्याला तो नंबर कुठून मिळणार हे ठरलेलं नव्हतं, हे कारण लिहावं लागतं. मग गोदामातून माल निघताना भरायच्या चिठ्ठीत बॅचचा रकाना घातला, त्या चिठ्ठीशिवाय बिल होत नाही असं ठरवलं, आणि पुढच्या पंधरा दिवसांची बिलं सोबत जोडली, अशा उत्तराने ती त्रुटी बंद होते.