दुधातील जिवंत जिवाणूंची मोजदाद

एक मिलिलिटर दूध नऊ मिलिलिटर निर्जंतुक द्रावणात घोळून, त्यातले एक मिलिलिटर नव्या पिपेटने पुढच्या नळीत, असे चार वेळा केले म्हणजे दूध दहा हजारपट विरल होते. त्यातील एक मिलिलिटर निर्जंतुक पेट्री डिशमध्ये घेऊन, त्यावर ४५ अंश सेल्सिअसपर्यंत निवविलेले अगार ओतून, बशी हलकेच फिरवावी. अगार अधिक ऊन असल्यास जिवाणू मरतात, अधिक निवाल्यास गुठळ्या होतात. अगार थिजल्यावर बशी उलटी करून ३७ अंशांवर ४८ तास ठेवावी.

वसाहती १४२ भरल्या, तर मिलिलिटरमागे चौदा लक्ष वीस हजार. तीसहून कमी वा तीनशेहून अधिक वसाहतींची बशी हिशेबात धरू नये. मात्र जिवाणूंच्या साखळीचीही एकच वसाहत उमटत असल्यामुळे हा आकडा वास्तवाहून कमीच असतो.