‘बंग्ड अप’ म्हणजे नाक की पोट?

नर्सिंग झालेल्या मुलीला डिस्प्निया, हिमॅच्युरिया, एडिमा हे शब्द तोंडपाठ असतात. पुस्तकं इंग्रजीत, केसपेपरही इंग्रजीत. मग ब्रिटनला जायची तयारी करताना ती अडते कुठे? पेशंटच्या बोलण्यापाशी. आपल्या वॉर्डात पेशंट मराठीत बोलतो आणि लिहिलं जातं इंग्रजीत. दुखण्याने कण्हणाऱ्या माणसाचं इंग्रजी तिच्या कानावर कधी पडलेलंच नसतं.

तिकडे नोंदणीसाठी चालणाऱ्या ओईटी परीक्षेत नेमकं हेच तपासतात. बोलण्याच्या भागात दोन प्रसंग असतात. कार्ड वाचायला ३ मिनिटं, मग ‘पेशंट’शी साधारण ५ मिनिटं संवाद.

वर्गात घेण्याजोगा एक प्रसंग पाहा. खुब्याचं ऑपरेशन झालेले, कोडीनच्या गोळ्या चालू असलेले आजोबा सांगतात, “आय अ‍ॅम अ बिट बंग्ड अप, नर्स. हॅवन्ट बीन सिन्स मंडे.” सर्दीने नाक चोंदलं तरी बंग्ड अपच म्हणतात, म्हणून एखादी सर्दीचं विचारायला लागते. दुसरी विचारते, कुठे गेला नाहीत? उत्तर कार्डातच असतं. कोडीनने आतड्यांची हालचाल मंदावते, त्यात आजोबा पडून आहेत. सोमवारपासून त्यांना शौचाला झालेली नाही. मग ओघाने विचारायचं, “हॅव यू गॉट एनी टमी पेन? आर यू पासिंग विंड?” वारा सरत नसेल, पोट फुगलं असेल आणि उलट्या होत असतील, तर डॉक्टरांना लगेच कळवायचं.

इथवर आलेली हुशार मुलगी पुढच्या वाक्यात घसरते. ‘ओपिऑइड-इंड्यूस्ड कॉन्स्टिपेशन’ म्हणते आणि आजोबा बघतच राहतात. त्यांना हवं असतं, “द पेनकिलर्स कॅन स्लो युअर बॉवेल्स डाउन.” अवघड शब्द टाळला तर मार्क जातील, ही भीती मुलींच्या मनातून काढायलाच शिक्षकांचा बराच वेळ जातो. खरं तर पेशंटला समजेल असं सांगता येतं का, यालाच तिथे मार्क असतात.

दुखण्याच्या शब्दांत मात्र मराठी मुलीचं भांडवल मोठं आहे. त्यांची इंग्रजी यादी घोकायला देणं मला व्यर्थ वाटतं. आधी मराठीतून ते दुखणं अंगात आठवू द्यावं. गळू ठणकतं ते थ्रॉबिंग, कमरेतून पायात चमक जाते ते शूटिंग, पायाला मुंग्या येतात ते पिन्स अँड नीडल्स. असे जोडलेले शब्द परीक्षेच्या गडबडीतही सुटत नाहीत. ‘कळ’ तेवढी एका शब्दात बसत नाही. पोटात मुरडा येऊन कळ येते ती क्रॅम्प, दाढेतून कळ जाते ती शूटिंग किंवा स्टॅबिंग. तेव्हा “डझ इट कम अँड गो?” हे विचारल्याशिवाय नोंद करायची नाही.