समास सोडवताना अर्थ सुटू नये

जुन्या वळणाच्या हिंदीतील तत्त्वज्ञानाचा उतारा विद्यार्थ्यांसाठी आजच्या सोप्या हिंदीत मांडताना पहिला अडसर येतो तो लांबलचक समासांचा. एक नमुना पाहू : ‘मतिज्ञान वह ज्ञान है, जो इंद्रियमनोनिमित्तक तथा मतिज्ञानावरणक्षयोपशमजन्य है।’ वाक्य एकच. पण त्यातील दोन शब्दांत कर्मसिद्धांताचा एक मोठा भाग सामावला आहे.

असा समास शेवटच्या पदापासून उलगडावा. ‘जन्य’ म्हणजे उत्पन्न होणारे. कशाने? क्षयोपशमाने. कशाच्या क्षयोपशमाने? मतिज्ञानावरणाच्या. मतिज्ञानावरण म्हणजे काय? मतिज्ञान झाकणारे कर्म. प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराबरोबर समासात लोपलेली विभक्ती परत येते आणि एका शब्दाचे सरळ वाक्य तयार होते.

पहिला समास सोपा वाटतो. चूक मात्र तेथेच होते. ‘इंद्रियमन’ या द्वंद्वाचा विग्रह करताना हात सहज ‘इंद्रियों और मन से’ असे लिहून जातो. मग विद्यार्थ्याचा समज होतो की मतिज्ञानासाठी दोन्ही एकत्र हवीत. शास्त्रात तसे नाही. अर्थावग्रह, ईहा, अवाय आणि धारणा हे चार भेद पाच इंद्रिये व मन अशा सहा द्वारांशी वेगवेगळे जोडून चोवीस मोजले जातात. मन नसलेल्या जीवांनाही स्पर्शाचा बोध होतो, तर स्मरणाचे द्वार मन आहे. म्हणून येथे ‘या’ हवे. ‘निमित्त’ हे पदही गाळू नये. ते गेले तर इंद्रियेच जाणतात असे वाटू लागते. जाणणारा आत्मा आहे, इंद्रिये केवळ साहाय्यक आहेत.

‘क्षयोपशम’ मात्र तोडू नये. ‘क्षय और उपशम’ असे लिहिल्यास नाश व शमन या दोनच क्रिया उरतात आणि कर्माच्या काही अंशाचा उदय चालूच असतो, ही गोष्ट हरवते. पारिभाषिक शब्द तसाच ठेवून त्याचा अर्थ वेगळ्या वाक्यात द्यावा.

तयार होणारा उतारा असा : ‘मतिज्ञान वह ज्ञान है, जो इंद्रियों या मन के निमित्त से होता है। जो कर्म इस ज्ञान को ढकता है, उसके क्षयोपशम से ही यह ज्ञान उत्पन्न होता है। क्षयोपशम में कर्म का कुछ अंश अपना पूरा फल दिए बिना झड़ जाता है, कुछ दबा रहता है और कुछ मंद फल देता रहता है।’

शेवटी उलटी परीक्षा करावी. नव्या वाक्यांवरून मूळ समास पुन्हा बांधून पाहावा. एखादे पद उरले किंवा एखादे जास्तीचे आले, तर विग्रह पुन्हा तपासावा. उतारा एका वाक्याचा तीन वाक्ये झाला, यात हानी नाही. ‘या’च्या जागी ‘और’ राहिले, तर मात्र विद्यार्थी वेगळाच सिद्धांत शिकतो.