संकलनाचा क्रम बदलताना: आधी प्रदेश, मग मर्यादा

दुहेरी संकलनाच्या मर्यादा म्हणजे एका आकृतीचे शब्दांत केलेले वर्णन असते. बाहेरच्या मर्यादा ही आकृती कुठून कुठपर्यंत पसरली आहे ते सांगतात, आणि आतल्या मर्यादा त्या पसाऱ्यातील प्रत्येक पट्टी कोठे सुरू होते व कोठे संपते ते सांगतात. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या असाइनमेंटमध्ये ‘संकलनाचा क्रम बदला’ असे विचारले जाते, तेव्हा त्याच आकृतीचे वर्णन दुसऱ्या दिशेने करायचे असते. आकृती तीच राहते, बदलते फक्त पट्टीची दिशा.

नेहमी दिले जाणारे एक उदाहरण पाहू. त्यात xy या फलनाचे संकलन करायचे आहे. आतले संकलन y चे असून y ची मर्यादा x² पासून 2 − x पर्यंत आहे, तर बाहेर x ची मर्यादा 0 पासून 1 पर्यंत आहे:

∫₀¹ [ ∫ xy dy, y = x² ते 2 − x ] dx

आतले संकलन y चे असल्यामुळे पट्टी उभी आहे. तिचे खालचे टोक y = x² या अन्वस्तावर, तर वरचे टोक y = 2 − x या रेषेवर टेकते. ही पट्टी y-अक्षापासून निघून x = 1 पर्यंत सरकते. अन्वस्त आणि रेषा (1, 1) या बिंदूत भेटतात, त्यामुळे तिथे पट्टीची उंची शून्य होते. म्हणून प्रदेशाला तीन कडा आहेत: डावीकडे (0, 0) ते (0, 2) हा y-अक्षाचा तुकडा, खाली अन्वस्त आणि वर तिरकी रेषा.

आता पट्टी आडवी करू. तिचे डावे टोक सगळीकडे y-अक्षावरच असते. उजवे टोक मात्र y = 1 च्या खाली अन्वस्तावर असते आणि y = 1 च्या वर रेषेवर. एकच सूत्र दोन्ही ठिकाणी चालत नाही, म्हणून प्रदेश y = 1 या पातळीवर कापावा लागतो. खालच्या भागात y 0 ते 1 आणि x 0 ते √y, वरच्या भागात y 1 ते 2 आणि x 0 ते 2 − y. खालच्या भागाचे संकलन 1/6 येते, वरच्याचे 5/24. बेरीज 3/8 होते, आणि मूळ क्रमाने सोडवले तरी 3/8 हेच उत्तर मिळते.

सर्वाधिक चुका होतात त्या आकृती न काढता मर्यादांची केवळ उलटापालट केल्यामुळे. y = x² वरून x = √y, y = 2 − x वरून x = 2 − y, आणि y ची मर्यादा 0 ते 1, असे लिहून बरेच विद्यार्थी मोकळे होतात. गणित सुटतेही आणि उत्तर 7/24 येते. पण हा प्रदेशच वेगळा आहे: अन्वस्ताच्या उजवीकडचा, x-अक्षाला टेकलेला.

ही चूक पकडण्याचा एक खात्रीचा उपाय आहे. फलनाच्या जागी 1 ठेवून दोन्ही क्रमांनी संकलन करावे, म्हणजे प्रदेशाचे क्षेत्रफळ मिळते. वरच्या उदाहरणात मूळ मर्यादांनी ते 7/6 येते. दोन तुकड्यांचे क्षेत्रफळ 2/3 आणि 1/2, म्हणजे बेरीज तीच. चुकीच्या मर्यादांनी मात्र 5/6 येते. क्षेत्रफळे जुळली नाहीत तर मर्यादा नक्की चुकल्या आहेत. जुळली तरी आकृती एकदा पाहावीच, कारण वेगळ्या आकाराचे क्षेत्रफळही योगायोगाने तेवढेच असू शकते. बाहेरच्या मर्यादांत चल राशी उरली असेल, तर मांडणी चुकली हे क्षेत्रफळ न काढताही समजते.

xy च्या उदाहरणात क्रम बदलल्याने उलट काम वाढले. त्याची खरी गरज e^(y²) सारख्या फलनात दिसते. समजा y ची मर्यादा x ते 1 आणि x ची 0 ते 1 आहे. पहिलेच पाऊल अडते, कारण e^(y²) चे संकलन नेहमीच्या फलनांत लिहिताच येत नाही. हा प्रदेश y = x या रेषेच्या वरचा त्रिकोण आहे. त्यात आडवी पट्टी x = 0 पासून x = y पर्यंत जाते, आणि y 0 ते 1 असतो. आतले संकलन x चे केले की y·e^(y²) मिळते. जो y हवा होता तो आपोआप हाती येतो, y² = t घातले की उत्तर (e − 1)/2, म्हणजे सुमारे 0.859.

दोन्ही क्रमांनी उत्तर तेच येते, याला फलनाच्या स्वभावाची अट आहे. मर्यादित प्रदेशावर सतत असणाऱ्या फलनाला अडचण नसते, आणि असाइनमेंटमधली बहुतेक फलने तशीच असतात. पण (x² − y²)/(x² + y²)² हे फलन आरंभबिंदूजवळ बेसुमार वाढते. 0 ते 1 बाजूच्या चौरसावर आधी y चे संकलन केले तर π/4 मिळते, आधी x चे केले तर −π/4. या फलनाच्या निरपेक्ष मूल्याचे संकलन सांत नसते. ते सांत असेल तर क्रम निर्धास्तपणे बदलता येतो, असे सांगणारे प्रमेय इटालियन गणिती ग्विदो फुबिनी यांच्या नावाने ओळखले जाते. ते १९०७ मधले आहे.