उपकार नव्हे, नोंद

कृतज्ञतेचा विषय काढला की वस्तीतले पुष्कळ जण तोंड वाकडे करतात. आम्हाला त्यात त्यांची चूक वाटत नाही. "मिळतंय ना, मग गप्प बसा आणि उपकार माना," हे आपल्या आजा-पणज्यांनी गावच्या वाड्यासमोर उभे राहून ऐकले आहे. आज तेच वाक्य मुकादम किंवा ठेकेदार बोलतो. त्यामुळे मोबाईलवर सकाळी फुलांच्या चित्रासह "जे आहे त्यात आनंद माना" असा संदेश आला की अंगावर काटा येतो. अशा माणसाला कृतज्ञतेचा सराव जमेल का, आणि जमला तर तो खोटा न वाटता कसा जमेल, एवढेच या वेळी पाहू.

प्रथम एक गोष्ट साफ करू. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी ओ'कॉनेल या आयरिश देशभक्ताचा दाखला दिला होता. कृतज्ञतेलाही मर्यादा असते, स्वाभिमान किंवा स्वातंत्र्य गहाण टाकून कोणी कृतज्ञ राहू शकत नाही, असा त्याचा आशय होता. घरगुती वहीलाही आम्ही हीच मर्यादा लावतो. नळाला पाणी येणे, वेळेवर पगार होणे, रेशन मिळणे हा हक्क आहे, तो कृतज्ञतेच्या वहीत लिहायचा नाही. पाणी आले म्हणून नगरसेवकाचे आभार मानायची गरज नाही. पण पाणी पहाटे आले आणि शेजारणीने तुमचेही दोन हंडे भरून ठेवले, तर ती गोष्ट वेगळी. ती तिने केली नसती तरी तिला कोणी जाब विचारला नसता.

महामंगल सुत्तात ज्या मंगल गोष्टी सांगितल्या आहेत त्यांत 'कतञ्ञुता' हा शब्द आपण वंदनेत नेहमी म्हणतो. त्याचा सरळ अर्थ 'केलेले जाणणे' असा आहे. जाणणे म्हणजे माहीत असणे. मन भरून आलेच पाहिजे, डोळ्यांत पाणी आलेच पाहिजे, असे त्या शब्दात काही नाही. संशयी माणसाला धरायला हा धागा फार सोयीचा आहे. भावना आणायची नाही, फक्त काय घडले ते नीट पाहायचे.

आमच्या ओळखीतल्या एक ताई कंत्राटावर झाडूकाम करतात. विहारातल्या एका शिबिरात त्यांना रोज रात्री पाच चांगल्या गोष्टी लिहायला सांगितले होते. पहिल्या रात्री त्यांनी लिहिले, "हातपाय धड आहेत, डोक्यावर पत्रा आहे, मुलं शाळेत जातात." दुसऱ्या रात्रीही तेच, चौथ्या रात्रीही तेच. सातव्या दिवशी त्यांनी वही कपाटावर टाकली आणि म्हणाल्या, "हे म्हणजे परीक्षेत कॉपी केल्यासारखं वाटतं."

त्यांची वही बिघडली ती दोन कारणांनी. एक म्हणजे रोज लिहिणे. सोन्या ल्युबोमिर्स्की या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा आठवडे एका गटाला आठवड्यातून एकदा आणि दुसऱ्या गटाला तीनदा लिहायला लावले. बरे वाटल्याचे दिसले ते एकदा लिहिणाऱ्यांत. रोजचे झाले की ती हजेरी होते. दुसरे कारण म्हणजे मोघम लिहिणे. "मुलं शाळेत जातात" यात कोणी काय केले ते दिसतच नाही, मग मन कशावर थांबणार?

मग त्यांनी पद्धत बदलली. आता फक्त रविवारी लिहायचे, आणि एकच नोंद. तिच्यात तीन गोष्टी असल्या पाहिजेत: कोणी काय केले, त्याचा मला काय उपयोग झाला, आणि त्या माणसाला ते करायला काय पडले. हा तिसरा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण खोट्या नोंदीत नेमके तेच सुटते.

पहिल्या रविवारची त्यांची नोंद अशी होती: "बुधवारी मला ताप होता. बरोबरच्या बाईने माझ्या गल्लीचा अर्धा भाग झाडला. माझा खाडा लागला नाही, त्या दिवसाची मजुरी वाचली. तिची साडेअकराची बस चुकली, ती दीड किलोमीटर चालत घरी गेली. मला ती हे बोललीही नाही." लिहिताना आपल्याला काहीच वाटले नाही, असे ताईंनी सांगितले. सोमवारी ती बाई समोर आली तेव्हा मात्र तिच्या चपलेकडे लक्ष गेले, झिजलेली होती. आम्हाला वाटते, हा सराव असाच लागू पडतो. वहीत मन गप्प असते, आणि नंतर माणूस पाहताना काहीतरी वेगळे दिसते.

एखाद्या रविवारी काही सुचले नाही, तर उलटा प्रश्न विचारून पाहावा: हे माणूस माझ्या आयुष्यात आलेच नसते तर? एका अभ्यासात जोडीदार कसा भेटला हे लिहिणाऱ्यांपेक्षा तो भेटलाच नसता तर काय झाले असते हे लिहिणारे आपल्या संसाराबद्दल जास्त समाधानी दिसले. तरीही काही सुचले नाही तर पान कोरे ठेवा. कोरे पान खोट्या पानापेक्षा बरे. ताईंच्या वहीत तीन महिन्यांत चार पाने कोरी आहेत.

त्याच वहीच्या मागच्या बाजूने त्या तक्रारीही लिहितात: हातमोजे मिळाले नाहीत, भविष्य निर्वाह निधीचा हिशेब मिळत नाही. या दोन बाजूंची वजाबाकी करायची नाही. मैत्रिणीने गल्ली झाडली म्हणून हातमोज्यांची मागणी कमी होत नाही. "आपल्यापेक्षा वाईट हालत असलेले किती आहेत" हे वाक्यही दोन्ही बाजूंना लिहायचे नाही, कारण दुसऱ्याच्या दुःखावर उभे केलेले समाधान फार टिकत नाही.

सराव बिघडत चालल्याची एक खूण लक्षात ठेवा. नोंद लिहून झाल्यावर छातीवर ओझे आल्यासारखे, आता याचे फेडलेच पाहिजे असे वाटले, तर ती कृतज्ञता नाही, ते ऋण आहे. देणाऱ्याने तुम्हाला ते वारंवार ऐकवले असेल, तर बहुधा असेच वाटणार. ती नोंद खोडून टाका. मुलांकडून जेवणाच्या पाटावर जबरदस्तीने "आज कशाबद्दल आभार?" म्हणवून घेऊ नका. मुले उत्तर देतील, पण ते तुम्हाला खूश करायला.

आता या सरावाची खरी ताकद किती, तेही सांगतो. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांच्या २००३ सालच्या अभ्यासात, दहा आठवडे आठवड्यातून एकदा लिहिणारे विद्यार्थी त्रासांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी होते. पुढे असे अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा परिणाम आहे पण लहान आहे, आणि उदासी किंवा चिंतेच्या आजारावर तर फारच थोडा, असे दिसले. म्हणून दोन आठवडे झाले तरी झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, जगणे नकोसे वाटते, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे, किंवा टेली-मानस या सरकारी मोफत सेवेला १४४१६ वर फोन करावा, तिथे मराठीतही बोलता येते. आणि घरात मारहाण होत असेल, तर "तरी तो कमावून आणतो" अशी नोंद कोणत्याही बाईने या वहीत करू नये.

ताईंची वही अजून चालू आहे. गेल्या रविवारची नोंद पाच शब्दांची होती, बसच्या कंडक्टरबद्दल. त्याने थांब्याच्या पुढे बस थांबवली होती, आणि मागून गाड्यांनी भोंगे वाजवून त्याला शिव्या घातल्या होत्या.