दोन हजार भरले, फिटले तीनशे अठ्ठेचाळीस

क्रेडिट कार्डाचं बिल आलं की ॲपवर दोन आकडे दिसतात. एक पूर्ण बिलाचा, दुसरा ‘मिनिमम ड्यू’चा. दुसरा आकडा लहान असतो, तो भरला की त्या महिन्याचं काम झालं असं वाटतं. हा समज किती महागात पडतो, हे पाऊण मिनिटाच्या रीलमध्ये सांगायचं असेल तर काय लिहावं?

बिलावर इशारा असतोच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तो छापावाच लागतो. दरमहा फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर परतफेड लांबत जाईल आणि थकबाकीवर चक्रवाढ व्याज चढेल, असा त्याचा आशय. माहिती पूर्ण खरी आहे. पण तिच्यात रुपयांचा आकडा नाही, त्यामुळे खिशातून नेमकं किती गेलं हे डोळ्यांपुढे येत नाही.

म्हणून लिहिणाऱ्यानं आधी कागदावर हिशेब मांडावा. समजा, थकबाकी 40,000 रुपये आहे आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के. व्याज झालं 1,400. व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 252. दोन्ही मिळून 1,652. या कार्डाची किमान रक्कम थकबाकीच्या 5 टक्के, म्हणजे 2,000 धरू. त्यातून 1,652 वजा केले तर मूळ कर्जातून कमी झाले फक्त 348 रुपये. प्रत्येक बँकेची रीत थोडी वेगळी असते आणि व्याज दिवसांवर मोजलं जातं, त्यामुळे खऱ्या बिलात आकडे पुढेमागे होतील. पण रील लिहिणाऱ्याला हवी असलेली गोष्ट हाती लागली: 2,000 आणि 348.

आता संहिता. सावकाश बोललं तर ती पाऊण मिनिटात बसते.

‘बिल चाळीस हजारांचं. ॲप म्हणतं, सध्या दोन हजार भरले तरी चालेल. तुम्ही भरले. कर्ज किती कमी झालं? दोन हजारांनी? नाही. तीनशे अठ्ठेचाळीस रुपयांनी. बाकीचे सोळाशे बावन्न व्याजात आणि व्याजावरच्या करात गेले. मिनिमम भरलं की दंड टळतो, कर्ज फिटत नाही. म्हणून मिनिमम तर चुकवूच नका, पण त्याच्यावर जमतील तेवढे जास्त भरा.’

यात ‘चक्रवाढ’ नाही, ‘वार्षिक दर’ नाही, ‘क्रेडिट स्कोअर’ही नाही. अवघड शब्द वापरून लगेच ‘म्हणजे’ म्हणत त्याचा अर्थ सांगितला, तर तेवढ्यात सात-आठ सेकंद जातात आणि ऐकणारा हिशेब सोडून त्या शब्दात अडकतो. ‘मिनिमम’ मात्र ठेवला, कारण ॲपवर तोच दिसतो. तिथे ‘किमान देय रक्कम’ म्हटलं तर माणूस पडद्यावर ते शोधत बसेल. व्याजाचा दर आणि ‘हे उदाहरण आहे, तुमचा दर बिलावर पाहा’ ही ओळ बोलण्याऐवजी पडद्यावर लिहावी. आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांसाठी 2,000 आणि 348 हे आकडेही मोठ्या अक्षरांत हवेत.

सगळ्यात जपावं लागतं ते शेवटच्या वाक्याला. पहिल्या खर्ड्यात हात सहज ‘मिनिमम भरू नका’ असं लिहून जातो. ऐकायला ते जोरदार वाटतं, पण ज्याच्याकडे त्या महिन्यात खरोखर दोनच हजार आहेत, तो माणूस ते ऐकून काहीच भरणार नाही. मग उशिराचा दंड लागेल आणि पुढचं कर्ज मिळणंही अवघड होईल. एकच मुद्दा ठेवताना तो इतकाही छाटू नये की ऐकणाऱ्याचं नुकसान होईल.

मुद्दा खरोखर एकच राहिला का, हे तपासायला सोपी रीत आहे. पैशांच्या धंद्यात नसलेल्या एखाद्या नातेवाइकाला रील एकदाच दाखवावी आणि विचारावं, ‘आता बिल आलं की काय करशील?’ ‘मिनिममपेक्षा जास्त भरीन’ असं उत्तर आलं तर संहिता जमली. ‘कार्ड बंद करीन’ किंवा ‘व्याज कमी असलेलं कार्ड बघीन’ असं आलं, तर संहितेत दुसरं काहीतरी शिरलंय, ते शोधून काढावं.

या विषयात ते दुसरं बहुधा एकच असतं. पूर्ण बिल न भरल्यास नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. आज घेतलेल्या किराण्यावर आजपासूनच व्याज सुरू होतं. ही गोष्ट पहिलीइतकीच गंभीर आहे, म्हणूनच तिला शेवटच्या पाच सेकंदांत कोंबू नये. तिच्यासाठी वेगळा कागद घ्यावा आणि हिशेब किराण्याच्या बिलापासून सुरू करावा.